पान्हा, ओढ आणि रात्री नऊचा फोन

पूर्वी लग्न जमवताना छत्तीस गुण पाहत. हल्ली सदतिसावा निघाला आहे आणि त्याचे नाव डोपामिन. पत्रिकेतले गुण निदान गुरुजी मोजत आणि दक्षिणा घेऊन गप्प बसत. हा सदतिसावा गुण मात्र ज्याच्या हातात फोन आहे तो प्रत्येक जण मोजतो, आणि कोणी गप्प बसत नाही.

दसऱ्याला अंकुशनगरला गेलो होतो, तेव्हा याचा अनुभव आला. जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातली ही साखर कारखान्याची वसाहत. आमचा भाचा तेथल्या प्रयोगशाळेत केमिस्ट आहे. गळीत हंगाम तोंडावर आलेला, त्यामुळे स्वारी सकाळी गेली की रात्रीच घरी उगवायची. वैशाखात त्याचा साखरपुडा झाला. मुलगी जालन्याची, शाळेत शिकवते. तुळशीचे लग्न लागले की यांचेही लावायचे, असे दोन्ही घरी ठरलेले.

दसऱ्याच्या संध्याकाळी मुलगी धाकट्या भावाला घेऊन सोने द्यायला आली. आपट्याची पाने हातावर ठेवून नमस्कार केला आणि चहा होईपर्यंत माझ्याशेजारी ओसरीवर बसली. मी आयुष्यभर वैद्यकीच्या मुलांना शरीरक्रियाशास्त्र शिकवले, हे तिला ठाऊक होते. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर ती हळूच म्हणाली, "मामा, एक विचारू? हसणार नसाल तर."

"विचार की."

"माणसाचं डोपामिन किती महिन्यांत संपतं?"

मी हसलो नाही, कारण तिचा चेहरा हसण्यासारखा नव्हता. मग सगळे बाहेर आले. साखरपुड्यानंतर दोन महिने भाचा वेळी-अवेळी फोन करी. पुढे रोज रात्री नऊची वेळ ठरली. भाद्रपदापासून मात्र कधी नऊला येई, कधी येतच नसे, आणि आला तरी बोलणे पूर्वीसारखे रंगत नसे. मैत्रिणीने तिला फोनवर एक मजकूर वाचायला दिला होता. प्रेम म्हणजे डोपामिन, ते फार तर अठरा महिने टिकते, नंतर ऑक्सिटोसिन आले तर ठीक, नाही तर संसार रुक्ष. शिवाय, ज्यांच्या छातीत सुरुवातीलाच धडधड झाली नाही, त्यांच्यात मुळात काही नव्हतेच.

"आणि मामा, खरं सांगू? मला धडधड कधी झालीच नाही. बरं वाटतं, बोलावंसं वाटतं, एवढंच. त्यांचं पाच महिन्यांत संपलं आणि माझं सुरूच झालं नाही, तर तारीख पुढे ढकलावी का?"

तारीख पुढे ढकलणे म्हणजे काय, हे आपल्याकडच्या आईबापांना सांगायला नको. कार्यालयाचे पैसे भरलेले, पत्रिका छापायला गेलेल्या. तिने हे अजून घरी कोणाला सांगितलेही नव्हते. तेवढ्यात भाचा आलाच. त्यालाही बसवून घेतले, आणि त्या दिवशी ओसरीवर जे बोलणे झाले तेच आज वाचकांपुढे ठेवतो.

पहिली गोष्ट संपण्याची. डोपामिन हे तेलासारखे समईत भरून ठेवलेले नसते. मेंदूच्या तळाशी, मध्यमेंदूत, चार ते सहा लाख पेशी ते सतत तयार करतात आणि त्यांचे धागे मेंदूच्या पुष्कळ भागांत जातात. या कामापुरते ते हार्मोन म्हणायलाही संकोच वाटतो, कारण ते रक्तातून प्रवास करत नाही. एका पेशीने शेजारच्या पेशीला दिलेला तो निरोप असतो. याच पेशींतल्या बऱ्याचशा मेल्या की माणसाला कंपवात होतो, हात थरथरतात, पाऊल उचलत नाही. म्हणून मी भाच्याला म्हणालो, "तुझं डोपामिन खरोखर संपलं असतं, तर आज तुला सदऱ्याचं बटण लावता आलं नसतं."

मग हे डोपामिन करते काय? आनंद देते, असे सर्रास छापले जाते. ते पुरते खरे नाही. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात केंट बेरिज या शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९८९ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. उंदरांच्या मेंदूतले डोपामिनचे धागे त्यांनी औषधाने जवळजवळ नष्ट केले. हे उंदीर समोर अन्न असूनही उठून खात नसत. नळीने भरवले नाही तर उपाशी मरत. पण त्यांच्या जिभेवर साखरेचे पाणी टाकले की ते धडधाकट उंदरांसारखेच मिटक्या मारीत. साखर गोड लागतच होती. फक्त तिच्याकडे जाण्याची ओढ उरली नव्हती. तेव्हापासून आवडणे आणि ओढ वाटणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि डोपामिनचा संबंध मुख्यतः दुसरीशी आहे, हा विचार पुष्कळांनी मान्य केला. साखर कारखान्याच्या वसाहतीत हे पटवायला मला फारसे श्रम पडले नाहीत. साखरेच्या ढिगाऱ्यात उभ्या राहणाऱ्या माणसाला साखर गोडच लागते, पण तिच्यासाठी तो धावत नाही.

ओढीचा हिशेब कसा चालतो, हे स्वित्झर्लंडमध्ये वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर दाखवले. माकडाच्या तोंडात फळाच्या रसाचा थेंब पडे आणि त्याच वेळी त्याच्या डोपामिन-पेशींचा ठोका टिपला जाई. थेंब अवचित पडला की पेशी क्षणभर जोराने वाजत. पुढे रस देण्याच्या थोडे आधी दिवा लावायला सुरुवात केली. काही दिवसांत गंमत अशी झाली की पेशी दिवा लागताच वाजू लागल्या, आणि प्रत्यक्ष रसाच्या वेळी गप्प. माकड रस पूर्वीसारखाच पीत होते. पण तो आता अपेक्षित होता. आणि एखाद्या दिवशी दिवा लावून रस दिलाच नाही, तर ज्या क्षणी तो यायचा त्याच क्षणी पेशींचा नेहमीचा ठोकाही मंदावे. थोडक्यात, या पेशी मिळकत मोजत नाहीत. मिळाले किती आणि वाटले होते किती, यांतला फरक मोजतात.

"आता तुमचा नऊचा फोन घ्या," मी म्हणालो. "पहिले दोन महिने फोन केव्हा येईल याचा नेम नव्हता. प्रत्येक फोन म्हणजे अवचित पडलेला रसाचा थेंब. मग नऊची वेळ ठरली. तेव्हा गोडी फोनातून निघून पावणेनऊच्या वाट पाहण्यात गेली. घड्याळाकडे पाहत होतीस ना?"

मुलगी लाजली. भावाने मान डोलावून साक्ष दिली.

"आणि नवाला तीन-चार मिनिटं होऊन गेली, फोन नाही. त्या वेळी पोटात जो खड्डा पडला, तो तुझं प्रेम आटल्याचा नव्हे. ठरलेल्या वेळी ठरलेली गोष्ट न आल्याचा तो हिशेब."

येथे मी माझाच कान धरला आणि पुढचे सांगितले. माकडाच्या पेशीत तार घालून जे मोजले ते या मुलीच्या डोक्यात कोणी मोजलेले नाही. माणसाच्या मेंदूत असेच काही घडते याला इतर पुरावे आहेत, पण फोनाचा हा दाखला माझा आहे, प्रयोगशाळेचा नव्हे. दोन्हींची गल्लत करू नये. फोनवरच्या मजकुरात नेमकी तीच झालेली असते.

"पण मामा," भाचा म्हणाला, "प्रेमात पडलेल्या माणसांचे मेंदू तपासलेत ना?"

तपासले आहेत, आणि ते काम चांगले आहे. आर्थर अॅरन, हेलन फिशर, ल्युसी ब्राऊन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते २००५ साली प्रसिद्ध केले. नुकती प्रेमात पडलेली सतरा माणसे, दहा बायका आणि सात पुरुष, त्यांनी निवडली. कोणाचे प्रेम एक महिन्याचे, तर कोणाचे सतरा महिन्यांचे. चुंबकीय यंत्रात निजवून त्यांना कधी प्रिय व्यक्तीचा फोटो दाखवला, कधी नुसत्या ओळखीच्या माणसाचा. मध्येच एका मोठ्या आकड्यातून सात-सात वजा करायला लावत, म्हणजे आधीच्या फोटोचा अंमल उतरावा. प्रिय व्यक्तीच्या फोटोच्या वेळी मध्यमेंदूतल्या त्या डोपामिनच्या जागी आणि तिच्याशी जोडलेल्या आणखी एका भागात रक्ताचा ओघ वाढलेला दिसला.

रक्ताचा ओघ वाढला, डोपामिन नव्हे. हा फरक केमिस्टला समजावा म्हणून मी त्याच्याच धंद्यातले उदाहरण घेतले. "रसाचा ब्रिक्स पाहून तू साखर किती हे सांगतोस का?"

"छे! ब्रिक्समध्ये रसात विरघळलेलं सगळंच येतं. साखरेसाठी पोल वेगळा पाहावा लागतो."

"मग यंत्रातला रक्ताचा ओघ हा ब्रिक्स समज. त्या जागी डोपामिनच्या पेशी आहेत म्हणून अंदाज बांधता येतो, आणि तो वाजवी आहे. पण तो पोल नव्हे."

दुसरे असे, की तो आकडा सतरा जणांच्या सरासरीचा आहे. कारखान्याचा उतारा एवढा टक्के आला म्हणून अमुक शेतातल्या अमुक उसात तेवढीच साखर असेल, असे कोणी म्हणत नाही. तसेच सरासरीवरून कोणा एका मुलाचे किंवा मुलीचे मन वाचता येत नाही.

तिसरी गोष्ट मुलीच्या धडधडीची, आणि ती मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. या प्रयोगासाठी माणसे कशी मिळवली? तुम्ही नुकतेच वेड लागल्यासारखे प्रेमात पडला आहात काय, अशी जाहिरात लावून. ज्यांना वेड लागले होते तेच आले. ज्यांना नुसते बरे वाटते, बोलावेसे वाटते, ते आलेच नाहीत. त्यामुळे अशा माणसांत काही कमी असते, असे त्या प्रयोगातून निघूच शकत नाही. जो वर्गात आलाच नाही त्याला नापास कसे करणार?

राहिली धडधड. ती अॅड्रिनलिन आणि त्याच्या जोडीच्या मज्जातंतूंची करामत. तोंडाला कोरड, तळव्यांना घाम, छातीत ठोके. परीक्षेच्या दारात, विंचू दिसल्यावर आणि मुलगी पाहायला गेल्यावर सारखेच होते. ते आपल्याला एवढेच सांगते की शरीर सावध झाले आहे. कशामुळे, ते सांगत नाही. कोणाचे शरीर चटकन सावध होते, कोणाचे नाही. मुलगी म्हणाली, "इन्स्पेक्टर शाळेत आले तरी मला काही होत नाही." तेव्हा प्रश्न तेथेच मिटला.

आता ते अठरा महिने कुठून आले, तेही सांगतो. इटलीतल्या पिसा येथे दोनाटेला माराझ्झिटी यांनी १९९९ साली वीस नव्या प्रेमिकांचे रक्त तपासले. सिरोटोनिन नावाच्या द्रव्याची ने-आण करणारी प्रथिने त्यांच्या रक्तकणिकांवर कमी आढळली. सारखे हात धुणाऱ्या, सारखी कुलपे तपासणाऱ्या रोग्यांतही ती तशीच कमी होती. वर्ष-दीड वर्षाने यांतल्या काही थोड्या प्रेमिकांना पुन्हा तपासले, तेव्हा आकडा सर्वसाधारण झाला होता. एवढीच ती गोष्ट. तीही रक्तातली, मेंदूतली नव्हे, आणि डोपामिनची तर नव्हेच. त्यावरून प्रेमाला अठरा महिन्यांची मुदत लावणे म्हणजे ताप उतरला म्हणून माणूस गेला, असे म्हणण्यापैकी आहे. सुरुवातीचा ध्यास पुष्कळांचा ओसरतो, हे खरे. पण २०१२ साली सरासरी एकवीस वर्षे लग्न झालेल्या, आणि अजूनही उत्कट प्रेम आहे असे सांगणाऱ्या सतरा जणांना तसेच फोटो दाखवले, तेव्हा मध्यमेंदूतली तीच जागा जागी झाली. ही माणसे निवडक होती, सगळ्या जोडप्यांचे असेच असते असे नाही. मात्र मुदत संपलीच पाहिजे, असा नियम नाही, एवढे त्यावरून ठरते.

चहा आला. दूध म्हशीचे, वसाहतीबाहेरच्या गोठ्यातले. त्यावरून ऑक्सिटोसिनवर यायला सोपे गेले.

ऑक्सिटोसिनला परदेशी मजकुरात मिठीचे हार्मोन म्हणतात. आपल्या भाषेत त्याच्या मुख्य कामाला पिढ्यान्‌पिढ्या शब्द आहे. तो म्हणजे पान्हा. रेडकू कासेला लागले, किंवा नुसता बादलीचा ओळखीचा आवाज झाला, की म्हशीच्या मेंदूतून ऑक्सिटोसिन रक्तात उतरते, कासेतल्या बारीक पिशव्या आवळल्या जातात आणि दूध खाली येते. बाळंतपणात गर्भाशयाच्या कळा यायला आणि आईला पान्हा फुटायला हेच लागते. नऊ दुव्यांची ही लहानशी साखळी व्हिन्सेंट द्यु व्हिग्नो यांनी १९५३ साली प्रयोगशाळेत बनवली आणि १९५५ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

म्हैस घाबरली की पान्हा चोरते, हेही गवळ्याला ठाऊक असते. १९४१ साली अमेरिकेत इली आणि पीटरसन यांनी गाईच्या पाठीवर मांजर ठेवून आणि कानाशी कागदी पिशव्या फोडून हे तपासले होते. घाबरलेल्या गाईचे दूध अडले, आणि दोष अॅड्रिनलिनचा ठरला.

रेडकू दगावले की काही लोक म्हशीला ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन टोचून दूध काढतात. हा गैरप्रकार आपल्याकडे इतका बोकाळला की २०१८ साली केंद्र सरकारने खाजगी कारखान्यांना हे औषध देशात विकण्यासाठी बनवायला बंदी घातली. बाळंतिणीचा रक्तस्राव थांबवण्यासाठी ते अत्यावश्यक असल्याने डिसेंबरात दिल्ली उच्च न्यायालयाने ती रद्द केली.

"आता विचार कर," मी मुलीला म्हणालो. "इंजेक्शन दिलेली म्हैस दूध देते. पण टोचणाऱ्यावर तिची माया बसते का?"

बसत नाही, आणि याचे कारण शास्त्राला ठाऊक आहे. रक्तातले ऑक्सिटोसिन काही मिनिटांतच विरते आणि मेंदूत फारच थोडे शिरते. मेंदू आपल्या आतल्या वापरासाठी ते वेगळे सोडतो. १९८७ साली इंग्लंडमध्ये केंड्रिक आणि केवर्न यांनी मेंढ्यांवर हे पाहिले. पूर्वतयारी केलेल्या मेंढीच्या मेंदूतल्या पाण्यात ऑक्सिटोसिन सोडले, तर ती परके कोकरू आपले मानू लागे.

प्रेमिकांच्या रक्तात ऑक्सिटोसिन जास्त असते, असेही छापून येते. २०१२ साली इस्राएलमध्ये जमून तीन महिने झालेली साठ जोडपी आणि त्रेचाळीस एकटी माणसे यांची तुलना झाली. जोडप्यांचा आकडा वरचढ निघाला, आणि सहा महिन्यांनी एकत्र राहिलेल्यांत तो घसरलाही नव्हता. पण प्रेमामुळे आकडा वाढला, की मुळातच जास्त आकड्याची माणसे जोडपी झाली, हे अशा तुलनेतून कळत नाही. शिवाय या तपासण्या अवघड आहेत. रक्त आधी नीट शुद्ध केले नाही, तर यंत्र ऑक्सिटोसिन म्हणून भलतेच काही मोजते आणि आकडा कितीतरी पट फुगतो. तेव्हा लग्नाआधी रक्त तपासून ऑक्सिटोसिन पाहावे असे कोणी सुचवले, तर पैसे वाचवावेत.

जोडीने राहणाऱ्या प्रेअरी व्होल नावाच्या उंदराची गोष्टही सांगितल्यावाचून राहवेना. मादीच्या मेंदूत ऑक्सिटोसिन घातले की समागमावाचूनही ती शेजारच्या नराशी जोडी जमवते, असे १९९०च्या दशकात आढळले, आणि त्यावरून पुष्कळ पुस्तके निघाली. २०२३ साली कॅलिफोर्नियात ऑक्सिटोसिनचा निरोप घेणारे ग्राहकच जन्मापासून नसलेले व्होल तयार केले. तरी त्यांनी जोड्या जमवल्या! म्हणजे पहिले प्रयोग खोटे होते असे नव्हे. ऑक्सिटोसिन हा एक रस्ता आहे, एकुलता एक नाही. जन्मतः तो बंद असला तर मेंदू दुसरा काढत असावा. जे उंदराच्या बाबतीतही एका द्रव्यावर अवलंबून नाही, ते माणसाच्या बाबतीत असेल, असे म्हणायला मोठेच धाडस पाहिजे.

चहा संपला होता. मुलगी जरा वेळ गप्प राहिली. मग माझ्याकडे न पाहता भाच्याला म्हणाली, "मग फोन का येईना?"

भाच्याने खाली पाहिले. "हंगामाआधी प्रयोगशाळेची सगळी उपकरणं तपासायची असतात. रात्री साडेआठ-नऊला घरी येतो. आडवं झालं की झोप लागते. दोनदा फोन हातात घेऊनच झोपलो. आणि सांगायची लाज वाटली. वाटलं, तू म्हणशील, आत्तापासूनच असं."

"सांगायचं होतंत."

"विचारायचं होतंस."

या दोन वाक्यांत मला शिकवण्यासारखे काही नव्हते, म्हणून मी पानाचा डबा शोधायला आत गेलो. डोपामिन ओढीचा हिशेब ठेवते, अॅड्रिनलिन सावध करते, ऑक्सिटोसिन जवळिकीला हातभार लावत असेल. पण थकून झोपलेला माणूस आणि उदासीन झालेला माणूस, यांतला फरक यांपैकी एकही द्रव्य दुसऱ्या गावात बसलेल्या मुलीला सांगू शकत नाही. तो विचारावाच लागतो.

परत आलो तेव्हा ती दोघे फोनची नवी वेळ ठरवत होती. सकाळी साडेसहा, कामावर जाण्याआधी. तारखेचा विषय पुन्हा निघाला नाही. दिवाळीच्या तोंडावर पत्रिका आली, तीत तीच तारीख आहे. पाकिटावर मुलीच्या हाताने एक ओळ लिहिलेली होती: "मामा, साडेसहालाही घड्याळाकडे पाहते, पण खड्डा पडत नाही."

लग्नाला जाणारच आहे. आहेर काय न्यावा, याचा विचार चालू आहे. आमच्या सौभाग्यवतीचे मत, गजराचे घड्याळ न्यावे.